पुस्-पुसा: नक्कल आवाजांची की मापाची?

शाळेच्या व्याकरणात अभ्यस्त शब्दांचा धडा असतो. हळूहळू, लाललाल, घरोघर असे शब्द त्यात भेटतात. अख्खा शब्दच दुसऱ्यांदा आला की नक्कल कशाची झाली हा प्रश्न पडत नाही. पण जगातल्या कितीतरी भाषांत शब्दाचा फक्त एक तुकडा पुन्हा येतो आणि त्यातून व्याकरणाचं काम होतं, म्हणजे अनेकवचन बनतं, काळ बदलतो, जोर येतो. तो तुकडा नेमका कुठे तोडायचा हे बोलणाऱ्याला कसं कळतं?

फिलिपिन्समधल्या लुझोन बेटाच्या उत्तर भागात बोलली जाणारी इलोकानो भाषा या प्रश्नासाठी फार सोयीची आहे. तिच्यात मांजर म्हणजे ‘पुसा’, आणि मांजरं म्हणजे ‘पुस्-पुसा’. शेळी ‘कल्दिङ्’, शेळ्या ‘कल्-कल्दिङ्’. (पुन्हा आलेल्या तुकड्यातले स्वर इथे आखूडच वाचावेत, मुद्दाम लांबवलेला स्वर मी ‘ऽ’ लावून दाखवतो.) एवढ्यावरून कोणीही नियम सांगेल: शब्दाचे पहिले तीन आवाज उचला आणि पुढे लावा. प, उ, स; क, अ, ल.

हा नियम उसनवारीच्या शब्दांपाशी अडतो. स्पॅनिशमधून आलेल्या ‘क्लसे’चं, म्हणजे वर्गाचं, अनेकवचन ‘क्लस्-क्लसे’ होतं. तीन आवाज घेतले असते तर ‘क्ल-क्लसे’ झालं असतं. इंग्रजीतला ‘जॅनिटर’ तिथे ‘ज्यनितोर’ झाला आहे आणि त्याचं अनेकवचन ‘ज्यन्-ज्यनितोर’. इथेही चार आवाज. परक्या शब्दांचं मोल इथे मोठं असतं, कारण त्यांची अनेकवचनं पूर्वजांकडून पाठ होऊन आलेली नसतात. ती आजच्या बोलणाऱ्याने स्वतःच्या नियमाने घडवलेली असतात, म्हणून नियम काय आहे ते त्यांतून उघडं पडतं.

सर्वात बोलका शब्द पालापाचोळ्याचा आहे: ‘रो’ओत’. मधली खूण म्हणजे घशात क्षणभर आवाज अडतो तो व्यंजनासारखाच एक वर्ण. पुसाच्या चालीने ‘रो’-रो’ओत’ व्हायला हवं होतं. पण हा घशातला अडथळा तुकड्याच्या शेवटी चालत नाही. मग बोलणारा काय करतो? तो नुसतं ‘रो’ म्हणून थांबत नाही. तो स्वर लांबवतो: ‘रोऽ-रो’ओत’. मूळ शब्दात हा लांब स्वर नाही. म्हणजे नकलेत जे आलं ते मूळात नव्हतंच, आणि तरीही इलोकानो कानाला ते बरोबर वाटतं.

मग पुस्, कल्, क्लस्, ज्यन् आणि रोऽ यांच्यात सामाईक काय? आवाजांची संख्या नाही, व्यंजन-स्वरांचा क्रमही नाही. ज्याने वृत्तं पाठ केली आहेत त्याला उत्तर लगेच दिसेल. ही सगळी एकेक गुरू अक्षरं आहेत. ऱ्हस्व स्वरावर संपणारं अक्षर लघु, एक मात्रेचं. व्यंजनाने बंद झालेलं किंवा दीर्घ स्वराचं अक्षर गुरू, दोन मात्रांचं. इलोकानोचं अनेकवचन शब्दाच्या आधी एका गुरू अक्षराची मोकळी जागा ठेवतं आणि मग मूळ शब्दातले आवाज डावीकडून घेऊन ती भरतं. व्यंजन मिळालं तर त्याने दुसरी मात्रा भरते, नाही मिळालं तर स्वर ताणून भरते.

इथे एक शंका रास्त आहे: शब्दाचं पहिलं अक्षरच उचललं असं का म्हणू नये? कारण ‘पुसा’ची फोड पु-सा अशी आहे. त्यात ‘पुस्’ नावाचं अक्षरच नाही; ‘स’ दुसऱ्या अक्षरातून ओढून आणला आहे. उलट प्रकारही याच भाषेत आहे. एखादी वस्तू जवळ असणं किंवा अंगावर असणं सांगताना ‘सि’ लावून आणखी एक तुकडा दुणावतात. ‘बुनेङ्’ म्हणजे कोयता, तर कोयता घेतलेला ‘सि-बु-बुनेङ्’. ‘पन्दिलिङ्’ म्हणजे स्कर्ट, तर स्कर्ट घातलेली ‘सि-प-पन्दिलिङ्’. या शब्दाचं पहिलं अक्षर ‘पन्’ आहे, पण घेतला फक्त ‘प’. इथली जागा लघु अक्षराची आहे, ‘न्’ तिच्यात मावत नाही. एकीकडे मूळ अक्षरापेक्षा जास्त उचललं, दुसरीकडे कमी. दोन्हीकडे माप आधी ठरलेलं होतं.

हा विचार मांडला जायला वेळ लागला. 1982 मध्ये अ‍ॅलेक मॅरँट्झने सुचवलं की द्विरुक्ती म्हणजे रिकाम्या घरांचा साचा शब्दाला जोडणं: व्यंजन-स्वर-व्यंजन अशी घरं, आणि त्यांत मूळ आवाज उतरतात. जॉन मॅकार्थी आणि अ‍ॅलन प्रिन्स यांनी 1986 मध्ये त्याला पुढची दुरुस्ती केली. साचा घरांचा नसून लयीच्या एककांचा आहे: मात्रा, अक्षर, गण. ‘पुस्’, ‘क्लस्’ आणि ‘रोऽ’ यांसाठी घरांची वेगवेगळी यादी करावी लागते. ‘एक गुरू अक्षर’ म्हटलं की तिन्ही बसतात. माझ्या मते ही दुरुस्तीच खरी झेप होती.

आपल्याला हे सगळं फार परकं वाटू नये. देदीप्यमान आणि जाज्वल्य हे मराठीत रोजचे शब्द. दोन्ही संस्कृतातल्या अशाच द्विरुक्त धातूंपासून आले. ‘दीप्’ धातूचा परोक्ष भूतकाळ ‘दिदीपे’, तिथे पुढचा तुकडा ऱ्हस्व. त्याच धातूचं ‘पुन्हापुन्हा, खूप’ असा अर्थ देणारं रूप ‘देदीप्यते’, तिथे पुढचा तुकडा गुरू. धातू एक, माप दोन. पाणिनीने या तुकड्याला अभ्यास म्हटलं, पण त्याची रीत उलटी आहे. तो आधी पूर्ण दुहेरी करतो, ‘दीप् दीप्’. मग ‘हलादिः शेषः’ या सूत्राने अभ्यासातलं फक्त पहिलं व्यंजन राहतं आणि ‘प्’ गळतो. ‘ह्रस्वः’ने ‘दी’चा ‘दि’ होतो. ‘देदीप्यते’साठी त्या ‘दि’ला वेगळ्या सूत्राने गुण होऊन ‘दे’ होतो.

आधी सगळं घ्या, मग छाटा. की आधी माप ठेवा, मग भरा? 1988 मध्ये डोन्का स्टेरियाड यांनी संस्कृतच्याच आधारे पूर्ण नक्कल आणि मग छाटणी ही बाजू पुन्हा लढवली. पण छाटायचं कुठवर, याचं उत्तर त्यांनाही अक्षराच्या घडणीतच शोधावं लागलं.

साच्याच्या सिद्धांताला सगळ्यात जास्त त्रास मेक्सिको आणि अ‍ॅरिझोनातल्या याकी भाषेने दिला आहे. तिच्यात ‘वु-सा’चं ‘वु-वुसा’ होतं आणि ‘वम्-से’चं ‘वम्-वमसे’. म्हणजे मूळ शब्दाचं पहिलं अक्षर, लघु असो की गुरू, जसंच्या तसं. मापाच्या सिद्धांतानुसार हे असायलाच नको होतं. अशी उदाहरणं थोडी आहेत, पण आहेत. शिवाय शॅरन इंकलस आणि शेरिल झोल यांनी 2005 च्या पुस्तकात तर प्रश्नाचं मूळच हलवलं: त्यांच्या मते शब्दाचा आवाज नव्हे, अर्थासकट शब्द दोनदा येतो आणि आवाज नंतर आखडतो. मात्र त्यांनाही ‘पुस्’ आणि ‘रोऽ’ एकाच वजनाचे का, हे सांगावंच लागतं.