लाल गाठ थांबेल, मिटलेला डोळा थांबणार नाही

बीगलच्या पिल्लाच्या डोळ्यात, नाकाकडच्या कोपऱ्यात, अचानक लालचुटुक गाठ दिसली की घरचे हादरतात. हा ‘चेरी आय’. कुत्र्याच्या तिसऱ्या पापणीतली अश्रुग्रंथी जागेवरून सरकून बाहेर येते. पिल्लू डोळा नीट उघडत असेल, तर दोन-चार दिवसांत डॉक्टरांकडे नेलं तरी चालतं. मात्र गाठ कापून टाकायला संमती देऊ नका. डोळ्यातलं साधारण एक तृतीयांश पाणी हीच ग्रंथी तयार करते. ती काढली तर पुढे डोळा कोरडा पडू शकतो आणि जन्मभर औषध घालावं लागतं. शस्त्रक्रियेने ती परत आत बसवता येते.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यातली निळसर झाक बहुधा वयाची असते. मोतीबिंदू पांढरा दिसतो आणि नजर अडवतो; मधुमेहात तो झपाट्याने वाढतो.

खरी घाई वेगळीच. कुत्रा डोळा मिटून घेतो, पाणी गळतं, बुबुळावर धुरकट डाग येतो किंवा अचानक दिसेनासं होतं, तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठा. अशा वेळी घरातले उरलेले स्टिरॉइडचे थेंब घालू नका. बुबुळावर जखम असेल तर ती चिघळून डोळा फुटू शकतो.