फोटोतलं अर्धं तिकीट

छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकातून जळगावकडे निघालेली सकाळची एसटी. फुलंब्रीच्या आधीच गाडी भरली होती. माझ्या शेजारच्या खिडकीत पाठीवरची भलीमोठी पिशवी मांडीवर घेऊन एक परदेशी तरुण बसला होता. तिकिटं फाडत, म्हणजे आता मशीनमधून काढत, कंडक्टर ताई आमच्यापर्यंत आल्या.

"कुठं?"

"अजांता," तो म्हणाला.

"गाव का लेण्या?"

हा प्रश्न त्याला कळला नाही. पण या रस्त्यावर खरा प्रश्न तोच आहे. अजिंठा नावाचं एक मोठं गाव आहे. तिथं एसटी थांबते आणि रोज कितीतरी माणसं उतरतात. लेणी मात्र तिथं नाहीत. गाव सोडून घाट उतरायचा, दहा-बारा किलोमीटर पुढं जायचं, तेव्हा फर्दापूरच्या अलीकडे लेण्यांचा फाटा येतो. फाट्यापासून लेणी आणखी चार किलोमीटर आत आहेत. या लेण्यांच्या सगळ्यांत जवळचं खेडं लेणापूर. पण 1819 साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ती पडल्यावर जगभर नाव झालं ते अजिंठ्याचं, कारण परिसरात ओळखीचं गाव तेच होतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या नावामुळे आजही एखादा पर्यटक चुकीच्या थांब्यावर उतरतो, आणि समोर लेण्यांऐवजी गावचा बाजार दिसला की गोंधळून उभा राहतो.

तरुणाने उत्तरादाखल मोबाइल पुढे केला. पडद्यावर एसटीच्या तिकिटाचा फोटो होता.

ताईंचा चेहरा बदलला. "हे चालत नाही. तिकीट काढा."

त्याने मान डोलावली आणि फोटो आणखी जवळ धरला. ताईंनी जरा आवाज चढवून तेच पुन्हा सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तरीणबाई, फुकट जायचंय वाटतं पाहुण्याला."

ताईंचं चुकलं नव्हतं. आरक्षण करून काढलेल्या तिकिटाचा संदेश मोबाइलवर आणि सोबत ओळखपत्र, एवढं दाखवून प्रवास करता येतो. गाडीत मशीनमधून निघालेल्या कागदी तिकिटाचं तसं नाही. तिथं तो कागदच प्रवासाचा पुरावा. त्याचा फोटो चालला असता, तर एका तिकिटावर दहा जणांनी प्रवास केला असता. मशीनमधून निघणाऱ्या प्रत्येक तिकिटाला क्रमांक असतो. ड्यूटी संपल्यावर जेवढी तिकिटं निघाली तेवढी रक्कम डेपोत भरावी लागते. वाटेत तपासणी पथक चढलं आणि एखादा प्रवासी विनातिकीट सापडला, तर प्रवाशाबरोबर कंडक्टरलाही जाब द्यावा लागतो. म्हणून फोटो दिसला की त्यांचा हात आधी मशीनवर जातो.

पण या वेळी ताईंनी फोटो पुन्हा पाहिला, आणि आता नीट वाचला. तारीख चार दिवसांपूर्वीची होती. त्या तारखेचं तिकीट आज खपवायला कुणी येणार नाही. निघण्याचं ठिकाण हेच बसस्थानक. उतरण्याचं ठिकाण फर्दापूर. ताई हसल्या. तो "माझ्याकडे तिकीट आहे" असं म्हणतच नव्हता. "मला असं तिकीट द्या" असं त्याला म्हणायचं होतं.

त्यांनी फोटोतल्या फर्दापूरवर बोट ठेवलं आणि विचारलं, "लेण्या?" मग बोटांनी हवेत डोंगराची कमान काढली. तो एकदम खुलला. "येस, केव्हज!"

गंमत अशी की जुन्या तिकिटांवर हे जमलं नसतं. कंडक्टरच्या हातातल्या पेटीत रंगीबेरंगी तिकिटांच्या गड्ड्या असायच्या आणि चिमट्याची टिकटिक गाडीभर ऐकू यायची. त्या तिकिटावर रक्कम छापलेली असे, चिमट्याने भोक पडे, पण तुमच्या गावाचं नाव नसे. त्याचा फोटो दाखवून कुठं जायचं हे कुणाला सांगता आलं नसतं. मशीन आल्यावर तिकिटावर कुठून, कुठे, किती माणसं, पूर्ण की अर्धं, तारीख आणि वेळ हे सगळं उमटू लागलं, आणि तिकीट नुसती पावती न राहता पत्त्याची चिठ्ठी झालं.

दुसरा पेच पैशांचा होता. त्याने शंभराची नोट काढली आणि फोटोतल्या रकमेवर बोट ठेवलं. अक्षरं त्याला परकी होती, पण आकडे वाचता येत होते, आणि तो आकडा शंभराच्या आतला होता. ताईंनी मशीनवरचा आकडा दाखवला. तो जवळजवळ दुप्पट.

याचा हिशेब साधा आहे. एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा. 25 जानेवारी 2025 पासून साध्या गाडीला एका टप्प्याचे 10 रुपये 5 पैसे पडतात. शंभर किलोमीटरला साधारण सतरा टप्पे धरले, तर 170 रुपये 85 पैसे होतात. प्रत्यक्ष तिकिटाची रक्कम थोडी इकडेतिकडे होते, कारण त्यात किरकोळ अधिभार आणि सुट्ट्या पैशांसाठी केलेली जुळवणी असते. मग फोटोत निम्मेच कसे?

ताईंनी तिकिटावरच्या "अर्धे" या शब्दाशी बोट नेलं. मग तेच बोट स्वतःकडे वळवलं, पुढच्या सीटवरच्या आजींकडे नेलं, आणि शेवटी त्याच्याकडे नेऊन नकारार्थी मान हलवली. महिलांना एसटीत 17 मार्च 2023 पासून निम्मं भाडं आहे. फोटो त्याला पाठवणारी त्याच्या ओळखीची पुण्याची मुलगी होती, हे त्याने नंतर मला सांगितलं. तिकिटावर प्रवाशाचं नाव नसतं, पण सवलत मात्र छापलेली असते. त्या एका शब्दावरून ताईंनी फोटोमागची बाई ओळखली होती. त्यालाही ते उमगलं. तो मोठ्याने हसला आणि दुसरी नोट काढली. आजींनी वळून विचारलं, "काय झालं गं?" ताई म्हणाल्या, "बायकांचं तिकीट मागत होता."

नवं तिकीट हातात पडताच त्याने त्याचाही फोटो काढला. हे शहाणपणाचं होतं. मशीनचा कागद उष्णतेने काळा होणारा असतो, त्यात शाई नसते. खिशातला घाम, ऊन आणि घडी यांनी अक्षरं फिकी होत जातात. पण मूळ कागद तपासणीसाठी उतरेपर्यंत जपावाच लागतो. ताईंनी त्याच्या हातून तो घेतला, शर्टाच्या खिशात ठेवण्याची खूण केली आणि परत दिला.

अजिंठा गावात गाडी थांबली तेव्हा तो पाटी वाचायचा प्रयत्न करत अर्धवट उठला. ताईंनी मागूनच हात दाखवला, बसा. घाट उतरल्यावर फाट्यावर त्यांनी बेल मारली. तिथून आत खासगी वाहनं सोडत नाहीत, एसटीच्याच गाड्या लेण्यांपर्यंत नेतात. तो उतरला, हात हलवला, आणि दोन वेळा बेल वाजून आमची गाडी जळगावच्या वाटेला लागली.

तुमच्याकडे कुणी बाहेरचा पाहुणा आला आणि एकटा लेणी पाहायला निघाला, तर त्याला नुसतं "अजिंठा" सांगून पाठवू नका. "अजिंठा लेणी फाटा" असं मराठीत कागदावर लिहून द्या, किंवा तुमच्या तिकिटाचा फोटो द्या. आणि सोमवारी पाठवू नका. त्या दिवशी लेणी बंद असतात.