कौलं गेली, धूर उरला

खेड्यातल्या एखाद्या स्वयंपाकघरात धूर किती होतो हे जाणून घ्यायचं असेल, तर आधी भिंतीकडे बघावं. चुलीजवळच्या भिंतीवर काजळीची एक रेघ असते. तिच्या वर भिंत काळी आणि चिकट, खाली मातकट. धूर तापलेला असतो म्हणून वर चढतो, छताखाली थर धरतो, आणि तो थर जिथवर खाली उतरतो तिथे ही रेघ उमटते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या डोंगरी भागातल्या ज्या घराबद्दल मी लिहिते आहे, तिथे ती रेघ माझ्या खांद्याच्या उंचीवर होती.

घर नवंच होतं. सहा वर्षांपूर्वी जुनं कौलारू घर पाडून स्लॅबचं बांधलेलं. जुन्या घरातही हीच चूल, हेच सरपण, पण घरातल्या सासूबाईंच्या आठवणीत तिथे डोळे इतके चुरचुरत नसत. त्यांची आठवण खरी आहे. कौलांच्या छपराला शेकडो फटी असतात आणि धूर त्यांतून वाट काढतो. शिवाय तेव्हा चूल जमिनीवर होती, बाई पाटावर बसून भाकरी थापायची, म्हणजे तिचं नाक धुराच्या थराच्या खाली राहायचं. नव्या घरात चूल ओट्यावर चढली, बाई उभी राहिली आणि तिचं डोकं नेमकं थरात गेलं. खिडकी होती, पण खिडकीची चौकट सात फुटांवर संपते आणि स्लॅब साडेनऊ फुटांवर असतो. मधले अडीच फूट म्हणजे छताला पालथं घातलेलं घमेलंच. त्यात जे साठतं ते खिडकीतून जात नाही.

लाकडापेक्षा गोवरीचा धूर जास्त, आणि ओल्या लाकडाचा त्याहून त्रासदायक. चूल धडाडून पेटलेली असते तेव्हा धूर कमी असतो. पेटवताना आणि विझत घालताना तो सगळ्यात जास्त असतो, कारण जळण तापतं पण नीट पेटत नाही. म्हणून पावसाळ्याआधी सरपण आडोशाला रचून ठेवणं, लाकूड जाड न ठेवता फोडून घेणं, चुलीत तोंडापर्यंत न कोंबणं, या जुन्या बायकांच्या सवयी धुराच्या हिशेबानंही बरोबर आहेत. धुरातले अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या, आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या बायकांना धूम्रपान करणाऱ्यांसारखा दम्याशी मिळताजुळता श्वासाचा विकार होतो, त्याचं कारण हेच. डोळ्यांत मोतीबिंदू लवकर येण्याचाही या धुराशी संबंध आहे.

निर्धूर चुलीचा सरकारी कार्यक्रम 1983 च्या सुमारास देशभर सुरू झाला आणि 2002 मध्ये केंद्रानं तो आवरता घेतला. त्या चुली आज बऱ्याच घरांत धुराडं तुटलेल्या अवस्थेत दिसतात. दोष चुलीत कमी, देखभालीत जास्त होता. धुराड्याच्या आत काजळी आणि चिकट डांबरासारखा थर साचतो, वाट अरुंद होते आणि धूर उलटा घरात येतो. मग बाई म्हणते, ही चूल धुरते, आणि धुराडं काढून टाकते. धुराडं छपराच्या आढ्यापेक्षा निदान दोन फूट वर गेलेलं हवं, नाहीतर छपरावरून येणारा वारा धूर परत खाली दाबतो. महिन्यातून एकदा काथ्याचा बोळा दोरीला बांधून ते आतून खरवडायला हवं. साचलेला थर कधीतरी आतच पेट घेतो, म्हणून जिथे धुराडं गवताच्या किंवा लाकडी छपरातून जातं तिथे त्याच्या भोवती वीतभर मोकळी जागा सोडून पत्र्याचा पट्टा बसवतात.

याच घरात गोबर गॅसही आहे. दोन घनमीटरचं, घुमटाचं सयंत्र. चार-पाच जनावरं असतील तर रोज पन्नास किलो शेण मिळतं, तेवढंच पाणी घालून ते कालवून घालायचं. त्यावर पाच-सहा माणसांचा चहा, भाजी, भात होतो. भाकरी आणि आंघोळीचं पाणी मात्र चुलीवरच. म्हणजे एकाच खोलीत उघडा जाळ आणि गॅसची नळी, दोन्ही. अशी घरं आपल्याकडे खूप आहेत, आणि मला वाटतं सावधगिरी इथेच सर्वांत जास्त हवी, कारण चूल पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, गॅस नवा आहे, आणि दोन्ही एकत्र आल्यावर काय होतं ते कुणी शिकवलेलं नाही.

त्या घरात झालं असं. हिवाळ्याचे दिवस. संध्याकाळी भात शिजत असताना गॅसची ज्योत नाचायला लागली, पिवळी झाली आणि फडफडून विझली. सुनेला वाटलं, गॅस संपला. तिनं भात चुलीवर उतरवला आणि पुढच्या कामाला लागली. बर्नरचा कॉक तसाच उघडा राहिला. रात्री जेवणं झाली, चुलीवर राख ओढली, दारं-खिडक्या बंद झाल्या.

गॅस संपलेला नव्हता. सयंत्रातून येणारा गॅस उबदार आणि दमट असतो. बाहेरून येणाऱ्या पाइपात तो थंडीनं गार पडतो आणि त्यातलं पाणी पाइपाच्या आतल्या बाजूला दवासारखं सुटतं. पाइप कुठे झोळ खाऊन लोंबला असेल, तर पाणी त्या झोळात साचतं आणि गॅसची वाट अडवतं. मागे दाब वाढला की गॅस पाण्यातून बुडबुडत पुढे येतो, थांबतो, पुन्हा येतो. ज्योत नाचते ती म्हणून. आणि एकदा विझलेली ज्योत परत पेटत नाही, पण गॅस मात्र परत येतो. घरगुती गोबर गॅसच्या शेगडीला ज्योत विझल्यावर आपोआप बंद होण्याची सोय नसते.

रात्रभरात किती गॅस आला असेल याचा हिशेब मांडता येतो. दोन घनमीटरच्या अशा घुमटात एका वेळी साधारण सहाशे-सातशे लिटर साठा असतो आणि रात्रभरात आणखी तेवढाच तयार होतो. म्हणजे जास्तीत जास्त सव्वा-दीड घनमीटर. त्यांचं स्वयंपाकघर दहा बाय दहा फूट, साडेनऊ फूट उंच, म्हणजे सत्तावीस घनमीटरच्या आसपास. सगळा गॅस सारखा पसरला तर हवेत त्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या जवळपास. गोबर गॅस हवेत आठ-नऊ टक्के झाला की काडी लागताच भडका होतो. मग सरासरीनं खोली वाचली म्हणायची. पण गॅस सरासरीनं पसरत नाही. शेगडीजवळ, ओट्याखालच्या कपाटात, छताच्या त्या पालथ्या घमेल्यात तो दाट राहतो, आणि पहाटे साडेचारला चूल पेटवायला येणारी बाई काडी नेमकी ओट्यापाशीच ओढते.

अनेकजण सांगतात, गोबर गॅस हलका असतो, आपोआप वर जाऊन निघून जातो. हे अर्धंच खरं आहे. त्यातला मिथेन हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा, पण त्याच्याबरोबर तीस-चाळीस टक्के कार्बन डायऑक्साइड असतो आणि तो जड. दोन्ही मिळून हा गॅस हवेपेक्षा किंचितच हलका भरतो. सिलिंडरचा गॅस जमिनीलगत साचतो, हा तसा करत नाही, पण झपकन वरही जात नाही. बंद खोलीत तो रेंगाळतो. म्हणून त्याला वाट लागते: खाली दाराशी हवा आत यायला, आणि स्लॅबला अगदी चिकटून, दोन समोरासमोरच्या भिंतींत, बाहेर जायला. तीच झरोक्यांची जोडी धुरालाही बाहेर काढते. एरवी धूर आणि गॅस यांच्यासाठी वेगवेगळे उपाय शोधावे लागतात. इथे एकाच गवंड्याच्या एका दिवसाच्या कामानं दोन्ही सुटतात. कीटक येऊ नयेत म्हणून झरोक्याला जाळी लावली तर ती काजळीनं बुजते, तेवढी मात्र झाडत राहावी लागते.

त्या पहाटे सासूबाई आधी आल्या. दार उघडताच त्यांना नासक्या अंड्याचा वास आला. हा वास गॅसमधल्या हायड्रोजन सल्फाइडचा. त्यांनी दिव्याचं बटणही दाबलं नाही, कारण बटणात ठिणगी पडते. आधी बाहेरचा, सयंत्राजवळचा मुख्य कॉक बंद केला, मग दार आणि खिडकी उघडून अर्धा तास अंगणात बसल्या. मी विचारलं, हे कुणी सांगितलं होतं? त्या म्हणाल्या, "कुणी नाय सांगितलं बाई. वास आला की काडी वडायची न्हाई, एवढं कळतंय की."

नंतर बांधणाऱ्या मिस्त्रीनं पाइप तपासला. पाइपाला सयंत्राच्या दिशेनं उतार हवा, दर शंभर फुटांना साधारण एक फूट, म्हणजे सुटलेलं पाणी परत घुमटात ओघळतं. उतार देता येत नसेल तिथे सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी बसवतात आणि हिवाळ्यात-पावसाळ्यात ती आठवड्यातून एकदा उघडतात. इथे तोटी होती, पण तिच्यावर पेंढी रचली होती. सांधे तपासायला त्यानं साबणाचा फेस लावला. फुगा आला तिथे गळती. काडी धरून गळती शोधणारे लोक मी पाहिले आहेत. ती सवय ताबडतोब सोडावी. शेगडीची रबरी नळी त्यानं बदलली, कारण उंदरांनी कुरतडली होती, आणि शेगडी चुलीपासून समोरच्या भिंतीकडे हलवली.

जाता जाता त्यानं एक गोष्ट आवर्जून सांगितली, आणि ती सगळ्यांना माहीत असायलाच हवी. सयंत्र गाळानं भरलं आणि साफ करायचं झालं, तर त्यात माणूस उतरवायचा नाही. विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून हवा तपासण्याची आपली जुनी रीत आहे. ती इथे लावली तर भडका उडेल. आणि नाकावरही भरवसा ठेवता येत नाही. हायड्रोजन सल्फाइड दाट झाला की नाकाची वास ओळखण्याची ताकदच जाते, माणसाला वाटतं वास गेला. तो कोसळतो, वरचा त्याला काढायला उतरतो आणि तोही कोसळतो. रिकामं केलेलं सयंत्रसुद्धा याला अपवाद नाही, कारण खाली उरलेला शेणकाला ढवळला की गॅस पुन्हा सुटतो. ते काम पंपानं बाहेरून करायचं.

आता त्या घरात रात्री चुलीवर राख ओढल्यावर सून बॅटरी घेऊन अंगणात जाते, गोठ्यापलीकडचा मुख्य कॉक फिरवून येते. पहाटे दार आधी उघडायचं, वास घ्यायचा, मगच काडी. झरोके अजून पाडायचे आहेत. गवंडी सुगीनंतर येणार आहे.