भरलेल्या बिलाची नोंद रात्रीत पोहोचते का?

पाणीपट्टीचे बिल मंगळवारी संध्याकाळी भरले आणि बुधवारी सकाळी पालिकेचे पथक नळ तोडायला दारात उभे राहिले, तर चूक कुणाची? पथकाच्या हातातल्या यादीत त्या घराची थकबाकी दिसत असते. पावती नागरिकाच्या हातात असते. खोटे कुणीच बोलत नसते.

एखाद्या महापालिकेचे उदाहरण घेऊ. पैसे स्वीकारणे करसंकलन विभागाकडे आणि नळजोडणी तोडणे पाणीपुरवठा विभागाकडे. दोघांच्या संगणकप्रणाली वेगळ्या. दिवसभराचा भरणा रोज रात्री एका प्रणालीतून दुसरीत उतरवला जातो. याला कर्मचारी सरळ ‘रात्रीचा सिंक’ म्हणतात. तो चालतो तोवर त्याच्याकडे कुणी पाहत नाही आणि बंद पडला की दोन्ही विभाग एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणूनच दोघांनी सही केलेली दोन पानी सेवा-करार टिपणी हवी.

बहुतेक टिपण्यांत पहिले वाक्य असते: ‘सिंक रोज रात्री चालेल.’ माझ्या मते हे वाक्य निरुपयोगी आहे. सिंक चालला म्हणून माहिती ताजी झाली असे होत नाही. आपल्या उदाहरणात करसंकलनाने रात्री एक वाजता फाइल ठेवायची आणि दीड वाजता पाणीपुरवठ्याच्या प्रणालीने ती उचलायची, असे ठरले आहे. मंगळवारी रात्री करसंकलनाच्या सर्व्हरवरची जागा संपली आणि नवी फाइल तयारच झाली नाही. दीड वाजता प्रणालीने जागेवर पडलेली आदल्या दिवसाची फाइल पुन्हा वाचली आणि पडद्यावर ‘यशस्वी’ असे दाखवून काम संपवले. मंगळवारचा एकही भरणा उतरला नाही.

हे पकडायचे तर माहितीचे वय मोजावे लागते: आत्ताची वेळ वजा प्रतीतल्या सर्वांत नव्या नोंदीची वेळ. टिपणीत लिहायचे ते असे: ‘पहाटे साडेपाच वाजता माहितीचे वय सहा तासांपेक्षा जास्त नसावे.’ बुधवारी पहाटे शेवटची नोंद सोमवारी रात्री पावणेबाराची निघते, म्हणजे वय 29 तास 45 मिनिटे. पथकाची यादी साडेसातला छापली जाते, तेव्हा गडबड कळायला दोन तास हाताशी उरतात.

पण सुट्टीच्या दिवशी भरणाच झाला नाही, तर शेवटची नोंद जुनीच दिसणार आणि उगाच धावपळ होणार. त्यासाठी करसंकलनाच्या प्रणालीने रोज रात्री पावणेबाराला रकमेविना एक खूण-नोंद टाकायची. सकाळी ती खूण पलीकडे दिसली, तर फाइल त्याच रात्रीची आहे हे कळते. अर्थात खूण पोहोचली तरी मधल्या काही पावत्या गळू शकतात. त्यामुळे पावत्यांची संख्या आणि एकूण रक्कम दोन्हीकडे जुळवण्याचे कलमही हवेच.

वचन किती कडक असावे? ‘99 टक्के रात्री वेळेवर’ हे कागदावर छान दिसते. पण महिना 30 रात्रींचा, त्यात एक रात्र चुकली तरी टक्केवारी 97 च्या खाली येते. म्हणजे 99 टक्क्यांचा अर्थ महिन्यात एकदाही चुकायचे नाही असा होतो आणि तेवढी माणसे, तेवढी यंत्रणा बहुधा कुणाकडेच नसते. ‘तिमाहीत दोनपेक्षा जास्त रात्री उशीर नको’ असे लिहिले तर ते पाळता येते आणि मोजताही येते.

जबाबदारीची सीमा फाइलपाशी आखावी. एक वाजेपर्यंत पूर्ण फाइल जागेवर ठेवणे हे करसंकलनाचे काम; त्यानंतर ती वाचून जुळवणे पाणीपुरवठ्याचे. एक वाजता फाइल नसेल, तर करसंकलनाच्या रात्रपाळीच्या माणसाला फोन जाईल आणि तो पंधरा मिनिटांत उत्तर देईल. पाच वाजेपर्यंत दुरुस्ती झाली नाही, तर दोन्ही विभागांच्या अधीक्षकांना कळवले जाईल. फोन नंबर व्यक्तीचा नको, पाळीचा हवा. बदली झालेल्या माणसाचा नंबर टिपणीत वर्षानुवर्षे राहतो. फाइलमधला रकाना बदलायचा असेल, तर दहा कामकाजाचे दिवस आधी लेखी कळवायचे, कारण न कळवता केलेल्या अशा बदलांनीही सिंक मोडतो.

सगळ्यांत महत्त्वाचे कलम मात्र माहिती घेणाऱ्या विभागावर बंधन घालणारे असते आणि नेमके तेच टिपण्यांतून गळते. माहिती शिळी निघाली, तर त्या दिवशी एकही नळ तोडायचा नाही. पथकाने फक्त नोटिसा वाटाव्यात. शिवाय प्रत्येक यादीच्या माथ्यावर ‘भरणा नोंदी अमुक तारखेपर्यंत, अमुक वाजेपर्यंत’ अशी ओळ छापावी. म्हणजे दारात उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यालाही पावतीवरची वेळ त्या ओळीशी ताडून पाहता येते.

पथक तुमच्या दारी आले, तर पावती दाखवा आणि यादीतल्या नोंदी कोणत्या तारखेपर्यंतच्या आहेत ते विचारा.