अर्ध्या मिलिग्रॅमचा हिशेब

दर किलो वजनामागे ०.०९८ ते ०.२२५ मिलिग्रॅम. दक्षिण आशियातलं पांढऱ्या पाठीचं गिधाड मारायला एवढं डायक्लोफिनॅक पुरतं. पाच किलोच्या गिधाडासाठी हिशेब करा. उत्तर येतं साधारण अर्धा ते १.१ मिलिग्रॅम. गुडघा दुखला की आपण घेतो त्या एका नेहमीच्या गोळीत ५० मिलिग्रॅम डायक्लोफिनॅक असतं. म्हणजे चाळीसहून जास्त गिधाडांच्या पोटात वाटता येईल इतकं!

हा आकडा म्हणजे एलडी-५०, मध्यम मारक मात्रा. ज्या मात्रेने गटातले निम्मे प्राणी मरतात ती मात्रा. पण निम्मेच का? विषाबद्दल विचारायचा साधा प्रश्न तर ‘किती घेतलं की मरण येतं?’ हा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञही हेच विचारत आणि ‘किमान मारक मात्रा’ शोधत. ती कधी स्थिर राहायचीच नाही, कारण प्रत्येक गटात एखादा नाजूक प्राणी निघतो, एखादा चिवट. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये हा गुंता सोडवला. त्यांनी टोकं सोडली आणि मधला बिंदू धरला.

मधला बिंदू भरवशाचा का, हे पाहायला प्रयोगशाळेत जाऊ. डाफ्निया हा गोड्या पाण्यातला मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा कवचधारी जीव. शरीर इतकं पारदर्शक की सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं हृदय धडधडताना दिसतं. चाचणीसाठी चोवीस तासांहून लहान पिल्लं घेतात आणि प्रत्येक तीव्रतेच्या द्रावणात वीस सोडतात, पाच-पाचच्या चार गटांत. इतक्या लहान जीवाचा मृत्यू ओळखणं अवघड, म्हणून नियम असा आहे की भांडं हलकेच हलवायचं आणि पंधरा सेकंदांत जो पोहत नाही तो निश्चल धरायचा. निम्मे मेले की नाही याऐवजी निम्मे निश्चल झाले का, हे मोजायचं. मात्रेच्या जागी इथे पाण्यातली तीव्रता येते, बाकी तर्क तोच.

समजा, पोटॅशियम डायक्रोमेट घेतलं आणि प्रत्येक भांड्यात आधीच्या दुप्पट तीव्रता ठेवली: लिटरमागे पाव, अर्धा, एक, दोन आणि चार मिलिग्रॅम. चोवीस तासांनी निश्चल जीव मोजले तर अनुक्रमे शून्य, दोन, नऊ, अठरा आणि वीस. दुप्पट-दुप्पट होत जाणाऱ्या या तीव्रता आडव्या रेषेवर सारख्या अंतराने मांडा (लॉगरिदम घेतल्याने हेच होतं), उभ्या रेषेवर टक्के घ्या आणि बिंदू जोडा. रेषा आधी जमिनीला चिकटून चालते, मग एकदम चढते आणि शेवटी सपाट होते. ताणलेल्या इंग्रजी एस अक्षरासारखा हा मात्रा-प्रतिसाद वक्र. पन्नास टक्क्यांची रेषा त्याला १.१ मिलिग्रॅमच्या आसपास छेदते.

आता वक्र नीट पाहा. मध्यभागी तो सर्वांत चढा आहे. तिथे तीव्रता जरा वाढली की बळींचा आकडा पुष्कळ बदलतो, म्हणूनच बळी मोजून तीव्रता नेमकी ओळखता येते. पायथ्याशी मात्र अंधार आहे. वीसपैकी एकही निश्चल झाला नाही, तर विष निरुपद्रवी ठरलं का? नाही. खरं प्रमाण चौदा टक्के असलं तरी वीसच्या गटात एकही बळी न दिसणं शक्य आहे. एक टक्का धोका पकडायला शेकडो जीव लागतील.

प्रयोगशाळा स्वतःची परीक्षा घेते ती मला विशेष आवडते. डायक्रोमेटसाठी चोवीस तासांचा हा मधला आकडा लिटरमागे ०.६ ते २.१ मिलिग्रॅममध्ये यायला हवा. बाहेर गेला, तर पाणी, तापमान किंवा जीवांचं पालन यांत कुठेतरी बिघाड आहे. विष न घातलेल्या भांड्यातच दहा टक्क्यांहून जास्त जीव निश्चल झाले, तर सगळी चाचणी रद्द.

गिधाडांबाबत ही चैन परवडणार नव्हती. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारांत एक उरावीत अशी घटली. नाहीशा होत चाललेल्या पक्ष्यांचे वीस-वीसचे गट कोण करणार? २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानात काम करून डायक्लोफिनॅककडे बोट दाखवलं, तेव्हा चार गिधाडांना थेट औषध दिलं होतं. जास्त मात्रेची दोन्ही मेली, कमी मात्रेतलं एक मेलं. शिवाय औषध दिलेल्या जनावरांचं मांस वीस गिधाडांना खाऊ घातलं, त्यातली तेरा मेली. शवविच्छेदनात हृदय आणि यकृतावर युरिक आम्लाचा पांढरा, खडूसारखा थर दिसला. मूत्रपिंडं बंद पडल्याने युरिक आम्ल बाहेर जाण्याची वाटच उरली नव्हती. थोड्या पक्ष्यांवरच्या याच माहितीतून पुढे एलडी-५० काढला गेला. म्हणून तो एक आकडा नसून ०.०९८ ते ०.२२५ असा पट्टा आहे.

पण हा पट्टा एका जातीपुरता आहे. अमेरिकेतलं टर्की गिधाड आपल्या गिधाडाच्या एलडी-५०च्या शंभरपटींहून जास्त मात्रा घेऊनही धडधाकट राहिलं. उंदराचा आकडा तर दोनशे पटींहून वर. उंदरावर तपासून औषध निर्धोक म्हणणाऱ्यांना भारतातल्या आकाशाची कल्पना येणं अशक्यच होतं. एलडी-५० हा विषाचा गुणधर्म नव्हे, विष आणि जात यांच्या भेटीचा आहे.

आणखी एक गोष्ट त्या आकड्यातून दिसत नाही. गिधाडं थव्याने एकाच मढ्यावर तुटून पडतात. मारक मात्रेचा अंश असलेली मढी किती असावीत म्हणजे एवढी घट होईल, याचं गणित संशोधकांनी मांडलं, तेव्हा उत्तर निघालं फक्त ०.१३ ते ०.७५ टक्के. जास्तीत जास्त सुमारे १३३ मढ्यांत एक!

भारताने २००६ मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद केलं. पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम पुढे आलं, कारण आधी आफ्रिकी आणि मग इथल्या गिधाडांवर मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवत नेऊन ते तपासलं होतं. किटोप्रोफेन मात्र त्याच पद्धतीच्या चाचणीत फसलं: किलोमागे ५ मिलिग्रॅमवर अकरापैकी सात केप गिधाडं मेली. असिक्लोफिनॅकचं तर गाईच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होतं. २०२३ मध्ये ही दोन्हीही जनावरांसाठी बंद झाली.

गोठ्यात जनावर दुखण्याने बसलं, तर पशुवैद्याकडे मेलॉक्सिकॅमच मागा, आणि माणसांसाठीची डायक्लोफिनॅकची इंजेक्शनं कुणाला जनावराला टोचू देऊ नका.