चाललेल्या जाहिरातीतून काय जपून ठेवायचं?

चार-पाच जणांच्या जाहिरात एजन्सीत स्क्रिप्ट लिहिणारा माणूस बहुधा एकच असतो. एका क्लायंटचं लाकडी घाण्याचं तेल, दुसऱ्याचं क्लिनिक, तिसऱ्याची साडी. प्रत्येकाला इन्स्टाग्राम आणि फेसबुकसाठी दर महिन्याला तीस-तीस सेकंदांचे चार-सहा व्हिडिओ हवे असतात. चित्रीकरण एका दिवसात उरकतं, एडिटिंगही होतं. सगळं अडकतं ते कोऱ्या कागदापाशी. म्हणून अशा एजन्सी चाललेल्या जाहिरातींवरून स्क्रिप्टचे साचे बनवून ठेवतात. कल्पना जुनीच आहे. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकन जाहिरात लेखकाने 1923 मध्ये ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ हे पुस्तक लिहिलं, तेव्हाच कूपनवर खूण छापून कोणत्या जाहिरातीने किती गिऱ्हाईक आणलं हे मोजायची रीत होती. जे चाललं ते जपायचं आणि पुन्हा वापरायचं, एवढाच त्याचा अर्थ.

अडचण सुरू होते ती ‘चाललं’ म्हणजे काय इथून. लाखभर लोकांनी पाहिलेला व्हिडिओ चाललेला असेलच असं नाही. दोन आकडे वेगवेगळे पाहावे लागतात. पहिला म्हणजे जाहिरात जितक्या वेळा पडद्यावर आली, त्यातल्या किती वेळा ती निदान तीन सेकंद पाहिली गेली. दहा हजार वेळा दिसली आणि तीन हजार वेळा तीन सेकंदांच्या पुढे गेली, तर तीस टक्के. धंद्यात याला हुक रेट म्हणतात आणि तो फक्त पहिल्या वाक्याचं आणि पहिल्या शॉटचं काम सांगतो. दुसरा आकडा म्हणजे एका ऑर्डरमागे झालेला जाहिरातीचा खर्च. पहिला चांगला आणि दुसरा वाईट असेल, तर सुरुवात जपून ठेवा, पुढचं सोडा. पहिला बेताचा पण ऑर्डर स्वस्तात मिळतेय, तर उलट करा: मधला भाग ठेवून सुरुवात बदला. अख्खी जाहिरात ‘हिट’ म्हणून फोल्डरमध्ये टाकणाऱ्याला हा फरक कळत नाही, आणि सहा महिन्यांनी त्या फोल्डरमध्ये कोणी डोकावतही नाही.

दिवाळीत चाललेल्या जाहिरातीवर तर मुळीच भरवसा ठेवू नये. तेव्हा सवलतच माल विकत असते, स्क्रिप्ट नव्हे.

आता एक उदाहरण घेऊ, मुद्दाम रचलेलं. लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलाची जाहिरात आहे. सुरुवातीला एक बाई बाटली हातात घेऊन विचारते, “दुकानातलं तेल एवढं स्वस्त असताना हे कशाला घ्यायचं?” लगेच घाणा फिरताना दिसतो. मालक सांगतो, “एक किलो तेल निघायला अडीच किलोच्या आसपास दाणे लागतात. आज बाजारात दाण्याचा भाव काय आहे, तुम्हीच बघा.” मग पेंड वेगळी होते आणि तेल गाळलं जातं. शेवटी तो म्हणतो, “आधी अर्धा लिटर न्या. भाजी करून बघा, मग ठरवा.” तीस सेकंदांत मराठीत साधारण 70 शब्द बसतात. एवढं त्यात सहज मावतं.

याचा साचा काढताना नवशिका लिहितो: ‘तेल, घाणा, मालक, ऑफर’. हा साचा दुसऱ्या तेलवाल्याखेरीज कोणालाच उपयोगी नाही, आणि दुसरा तेलवाला म्हणजे पहिल्याचा स्पर्धक. खरा साचा असा लिहावा लागतो: गिऱ्हाइकाच्या मनातली शंका त्याच्याच शब्दांत, पैसा नेमका कुठे लागतो ती जागा डोळ्यांना दाखवणं, बघणाऱ्याला स्वतः पडताळता येईल अशी एक गोष्ट, आणि कमी जोखमीचं पहिलं पाऊल. वर शीर्षक ‘महाग का?’. माझ्या मते सगळ्या खटाटोपातला कळीचा निर्णय हाच आहे. साचे धंद्यानुसार लावायचे नाहीत, शंकेनुसार लावायचे. ‘महाग का?’, ‘मला जमेल का?’, ‘खरंच फरक पडतो का?’, ‘आत्ताच कशाला?’ छोट्या एजन्सीचे बहुतेक क्लायंट या मोजक्या प्रश्नांत बसतात.

हाच साचा येवल्याच्या हातमागावरच्या पैठणीला लावून पाहा. शंका तीच: यंत्रमागाची साडी इतक्या कमी पैशांत मिळत असताना ही का घ्यायची? पैसा लागण्याची जागा म्हणजे माग आणि पदराच्या बुट्टीत एकेक धागा घालणारे हात. पडताळण्याची गोष्ट तर तेलाहूनही सोपी आहे. पदर उलटा करून दाखवायचा, कारण हातमागाच्या पैठणीत नक्षी मागूनही पुढच्यासारखीच नेटकी दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत. इथवर साचा जसाच्या तसा उतरतो. चौथ्या पायरीवर मात्र तो अडतो. अर्धा लिटर तेल विकता येतं, अर्धी पैठणी विकता येत नाही. मग पहिलं पाऊल बदलतं: “व्हिडिओ कॉलवर माग बघा, रंग ठरवा.” ही पर्यायी पायरी साच्याखाली लिहून ठेवली, की पुढच्या वेळी सोफा विकणारा क्लायंट आला तरी लेखक तिथे अडखळत नाही. साचा दुसऱ्या क्लायंटकडे चालेपर्यंत त्याला कच्चा समजावं. एकाच ठिकाणचं यश मालाचंही असू शकतं.

हे सारं ठेवायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, एक गुगल शीट पुरते. साच्याशेजारी मूळ व्हिडिओ, दोन्ही आकडे, महिना आणि लागणाऱ्या शॉट्सची यादी ठेवावी. वेळ सर्वांत जास्त या यादीनेच वाचतो. चित्रीकरणाला निघण्याआधीच क्लायंटला सांगता येतं की पेंड बाजूला ठेवा, पदर उलटा धरणारं माणूस हवं. महिना लिहायचं कारण वेगळं आहे: साचे झिजतात. एकाच माणसाला जाहिरात किती वेळा दिसली हा आकडा वाढत असेल आणि हुक रेट उतरत असेल, तर लोकांना सुरुवात पाठ झाली आहे. अशा वेळी पूर्ण स्क्रिप्ट फेकू नये. पहिली तीन सेकंद नवी चित्रित करावी आणि पुढचं तेच जोडावं.

दुसऱ्यांच्या जाहिराती पाहायला मेटाची ॲड लायब्ररी सर्वांना खुली आहे. तिथे जाहिरात कधी सुरू झाली ते दिसतं. पण भारतातल्या साध्या व्यापारी जाहिरातीवर किती खर्च झाला आणि त्यातून किती विक्री झाली, हे दिसत नाही. महिनोन्‌महिने चालू असलेली जाहिरात फायद्याची असावी, असा केवळ अंदाज करता येतो. तिथून रचना उचलावी, शब्द उचलू नयेत. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल, म्हणजे 1985 पासूनची आपली जाहिरात उद्योगाची स्वनियमन संस्था, दुसऱ्याच्या जाहिरातीची मांडणी, मजकूर, घोषवाक्य किंवा दृश्यं नक्कल वाटावी इतकी सारखी ठेवायला मनाई करते. क्लायंटच्या बाबतीतही हे सुरुवातीलाच लेखी ठरवावं: पैसे देऊन बनलेली स्क्रिप्ट आणि व्हिडिओ त्याचे, पायऱ्यांचा साचा एजन्सीचा, आणि एकाच शहरातल्या दोन स्पर्धकांना एकाच वेळी एक साचा द्यायचा नाही. करारात ही तीन वाक्यं घालायला एक संध्याकाळ पुरते, ती साचे बनवायला बसण्याआधीच काढा.