तीस सेकंदांचा आवाज

छत्रपती संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी घरातल्या कुणाला तरी काम सोडून थांबावंच लागतं. सिडकोतल्या एका ताईंनी गुरुवारी रात्री एक्सवरच्या एका स्पेसमध्ये हेच सांगितलं. बोलण्याच्या ओघात त्या आपला सेक्टर, गल्ली, कोपऱ्यावरचं दुकान सांगून गेल्या, आणि पाण्याच्या दिवशी दुपारभर घरात एकट्याच असतात हेही. हे सगळं तीस सेकंदांत. शुक्रवारी सकाळी तेवढाच तुकडा त्यांच्या भाच्याच्या व्हॉट्सॲपवर आला.

स्पेस चालवणारा तरुण माझ्या ओळखीचा. ताईंनी रेकॉर्डिंग काढायला सांगितलंय, असा त्याचा फोन आला. हे काम होतं तरी कसं, ते पाहायला मी शनिवारी उस्मानपुऱ्यात त्याच्या खोलीवर गेले.

मला वाटलं होतं, ताईंचा भाग कापला की झालं. तसं होत नाही. होस्टला रेकॉर्डिंगची सुरुवात पुढे सरकवता येते, मधला भाग कापता येत नाही. म्हणजे तीस सेकंदांसाठी दोन तासांचं रेकॉर्डिंग जाणार. त्यात टँकरचे दर सांगणारे रिक्षावाले होते, हंड्यांचा हिशेब मांडणाऱ्या आजी होत्या. तो ताईंना फोनवर म्हणाला, "ताई, बाकीच्यांचं बोलणं माझ्याकडे उतरवून ठेवू का? तुमचं त्यातून कापतो." त्या म्हणाल्या, "माझे तीस सेकंद तेवढे नकोत, बाबा. लोकांचं राहू दे." त्याने आपली प्रत उतरवली, लॅपटॉपवर तेवढा भाग कापला, ताईंना ऐकवला आणि मग एक्सवरचं रेकॉर्डिंग डिलीट केलं. दुसऱ्या फोनवरून, लॉगिन न करता, लिंक उघडून पाहिली. आवाज लागला नाही. कंपनी स्पेस संपल्यावर तीस दिवस एक प्रत नियमभंग तपासण्यासाठी ठेवते, हेही त्याने ताईंना लपवलं नाही. ती प्रत लोकांना ऐकता येत नाही.

एवढं काही मिनिटांत उरकलं. क्लिपांनी मात्र दुपार खाल्ली.

एक्सवर रेकॉर्ड होत असलेल्या स्पेसमधून ऐकणाऱ्याला तीस सेकंदांची क्लिप काढून पोस्ट करता येते. पोस्ट ज्याच्या खात्यावर, ती हटवणं त्याच्या हातात. स्पेसची लिंक शोधात टाकून सापडतील त्या पोस्टा त्याने जमवल्या आणि एकेकाला निरोप पाठवला. बहुतेकांनी लगेच काढल्या. एकाने क्लिपवर ताईंबद्दल अश्लील ओळ लिहिली होती. त्याला निरोप द्यायच्या आधी तरुणाने थांबून पोस्टची लिंक, खात्याचं नाव, तारीख-वेळ यांचा स्क्रीनशॉट घेतला आणि क्लिप जपून ठेवली. मला त्याचं हे थांबणं फार महत्त्वाचं वाटलं. ताईंना उद्या पोलिसांत जायचं झालं, तर गुन्हेगारानेच मिटवलेली पोस्ट कुठून आणायची?

शिवाय नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. याचा धडा याच शहरातल्या खंडपीठात सुरू झालेल्या एका खटल्याने देशाला दिला. जालन्याच्या 2014च्या विधानसभा निवडणुकीचा तो वाद, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला का, हे दाखवणाऱ्या व्हिडिओ रेकॉर्डिंगवर तो अडला. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरणच हजर केलं तर गोष्ट वेगळी. डिजिटल प्रत दाखल करायची तर तिच्याबरोबर प्रमाणपत्र हवंच. म्हणून ज्या फोनवर ती क्लिप जपली, तो फोन सांभाळायचा, विकायचा नाही, असं त्या तरुणाने ठरवलं.

व्हॉट्सॲपवर फिरणारं मात्र स्क्रीन रेकॉर्डिंग होतं. त्याला मूळ स्पेसची लिंक नाही, त्यामुळे शोधात सापडत नाही. माणसांनाच विचारत जावं लागतं. भाच्याला कुणी पाठवलं, त्याला कुणी, असं तो तरुण मागे मागे गेला. "सर्वांसाठी डिलीट" पाठवणाऱ्याला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळच करता येतं, म्हणून घाई. सोसायटीच्या ग्रुपवर ॲडमिनने मेसेज काढला. पण तोवर व्हिडिओ काही जणांच्या गॅलरीत उतरला होता, आणि पुढे फॉरवर्ड झालेली प्रत्येक प्रत स्वतंत्र असते. तिथे बटण नाही, फक्त विनंती. "काका, त्या घरी एकट्या असतात, पत्ता आहे त्यात," असं तो प्रत्येकाला फोनवर सांगत होता. ते ऐकल्यावर बऱ्याच जणांनी काढलं. पत्ता आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत एका ग्रुपचं उत्तर आलं नव्हतं. ताईंनी भाच्याला पुढच्या पाण्याच्या दिवशी घरी बोलावून घेतलं. तरुणाने ठरवलंय, पुढच्या गुरुवारपासून रेकॉर्डिंग फक्त माहिती देणाऱ्यांचं. रहिवाशांनी बोलायची स्पेस वेगळी, रेकॉर्डिंग बंद ठेवून, आणि गल्ली सांगू नका ही सूचना आधीच. कुणी आपल्या फोनवर ध्वनिमुद्रण केलंच, तर ते थांबवता येणार नाही, हेही त्या सूचनेत त्याने लिहिलंय.